सहा तास कानात आवाज: इअरफोन, बंद हेडफोन की ओपन-बॅक?

प्रश्न: मी घरून ऑडिओबुकची प्रूफं ऐकते. समोर संहिता, कानात निवेदकाचा आवाज. चुकलेला शब्द, मोठा श्वास, खटका ऐकू आला की वेळ टिपून ठेवायची. रोज पाच-सहा तास, आठवड्याचे सहा दिवस. घर घाटकोपरला, वन रूम किचन, दुसरा मजला, खिडकी थेट रस्त्यावर. पंखा दिवसभर चालू. सासूबाई दुपारी त्याच खोलीत झोपतात. आजवर कानात घालायचे इअरफोन वापरले. पण दुपारपर्यंत कान ठणकतात, खाज सुटते, दडे बसल्यासारखं होतं. मला चष्मा आहे. ओळखीचा एक साउंडवाला म्हणतो, "ओपन-बॅक घे, कानाला तेच सगळ्यात चांगले." नवरा म्हणतो, नॉइज कॅन्सलिंग घे. बजेट दहा-बारा हजार, आणि एकदाच घ्यायचे आहेत. काय घेऊ?
— एक वाचक, घाटकोपर

उत्तर: तुमचे साउंडवाले म्हणतात ते खरं आहे, पण त्यांच्या खोलीत. स्टुडिओच्या कंट्रोल रूममध्ये दार बंद केलं की बाहेरचं जवळजवळ काहीच आत येत नाही. तिथे ओपन-बॅक लावून दिवसभर बसणारे लोक मी रोज पाहतो आणि त्यांचं काही दुखत नाही. प्रश्न तुमच्या खिडकीचा आहे. हेडफोन निवडताना आपण कानाचा विचार आधी करतो आणि खोलीचा नंतर. मुंबईत हा क्रम उलटा लावायला हवा.

ओपन-बॅक म्हणजे काय ते आधी पाहू. हेडफोनच्या कपात एक पडदा थरथरतो. तो पुढे कानाकडे आवाज ढकलतो, तसाच मागेही ढकलतो. बंद हेडफोनमध्ये मागचा आवाज कपातच कोंडला जातो. ओपन-बॅकमध्ये कपाची पाठ जाळीची असते, त्यामुळे तो बाहेर निघून जातो. १९६८ साली सेनहायझर कंपनीने एचडी ४१४ हा पिवळ्या स्पंजचा हेडफोन काढला, तेव्हापासून ही पद्धत रुळली. फायदे खरे आहेत. आवाज डोक्यात कोंडल्यासारखा वाटत नाही, स्वतःचं बोलणं नेहमीसारखं ऐकू येतं, घाम कमी येतो, दाराची बेल कळते. पण जाळीतून आवाज बाहेर जातो तसा रस्ताही आत येतो. ओपन-बॅक बाहेरचा आवाज अडवतच नाही म्हटलं तरी चालेल.

आता तुमच्या खोलीचा हिशोब मांडू. आकडे अंदाजाचे आहेत, पण त्यांच्यातलं नातं पक्कं आहे. खिडकी उघडी, पंखा चालू, खाली बस आणि रिक्षा. अशा खोलीत टेबलापाशी ६० डेसिबलच्या आसपास आवाज असतो असं धरू. माणसाचं बोलणं ताण न पडता समजायचं, तर ते भोवतालच्या गोंगाटापेक्षा साधारण १५ डेसिबल मोठं लागतं. म्हणजे ओपन-बॅकमध्ये निवेदकाचा आवाज ७५ ला ठेवावा लागेल. हे झालं नुसते शब्द समजण्यापुरतं. तुमचं काम त्यापुढचं आहे. श्वास, ओठांचा चटका, पान उलटल्याची सळसळ, हे सगळं आवाजापेक्षा वीसेक डेसिबल खाली असतं आणि ते रस्त्याच्या गोंगाटात बुडतं. मग हात आपोआप आवाज वाढवतो. ८० होतं, ८३ होतं आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही, कारण गोंगाटात मोठा आवाज मोठा वाटत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी घातलेली मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०. तुमचं ऐकणं आठवड्याला ३० ते ३६ तासांचं. म्हणजे ७५ वर तुम्ही निवांत आहात, ८० वर कसंबसं आत आहात आणि ८३ वर मर्यादेच्या दीडपट ते १.८ पट गेलात. हेच काम बंद ओव्हर-इअर हेडफोनने केलं, तर माणसाचं बोलणं असतं त्या पट्ट्यात बाहेरचा आवाज दहा-बारा डेसिबलने कमी होतो. ६० चे ४८ झाले, की निवेदक ६३ वर ऐकता येतो. श्वास टिपायला थोडा वाढवलात तरी ७० च्या आसपास राहाल. नीट बसलेला कानातला इअरफोन तर वीस-पंचवीस डेसिबल अडवतो. म्हणजे कानाला "सगळ्यात चांगला" ठरलेला प्रकार तुमच्या खिडकीपाशी सगळ्यात मोठ्या आवाजात चालवावा लागेल.

माझ्या आकड्यांवर विसंबू नका, घरीच एक चाचणी करा. रात्री एकनंतर, रस्ता शांत असताना, पंखा बंद करून एक प्रकरण लावा. आवाज शून्यापासून हळूहळू वाढवा आणि प्रत्येक शब्द सहज कळायला लागला की थांबा. लॅपटॉपवरचा आकडा लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला, नेहमीच्या जागी, पंखा लावून तेच प्रकरण तसंच शून्यापासून ऐका. आकड्याकडे न बघता थांबा आणि मग बघा. रात्री ३० आणि दिवसा ३५-३६ आला, तर खोली ठीक आहे. रात्री ३० आणि दिवसा ६०-७० आला, तर तुमचा आवाज रस्ता ठरवतोय. लॅपटॉपचे आकडे म्हणजे डेसिबल नव्हेत, त्यामुळे त्यांची मर्यादेशी तुलना करू नका. दोन वेळांमधला फरक तेवढा बघा. घरात आयफोन असेल तर एनआयओएसएच या अमेरिकी संस्थेचं आवाज मोजायचं ॲप फुकट मिळतं. अँड्रॉइडवरची ॲप आकडा थोडा इकडेतिकडे दाखवतात, पण एकाच फोनवर "खिडकी उघडी आणि बंद", "पंखा पाचवर आणि तीनवर" असा फरक बघायला पुरतात.

ही चाचणी झाली की पैसे खर्च करण्याआधी टेबल हलवून बघा. खिडकीपासून खोलीच्या आतल्या कोपऱ्यात, स्वयंपाकघराच्या दाराशी, जिथे शक्य असेल तिथे. कामाच्या तासांत रस्त्याकडची काच सरकवून लावून घ्या. पडद्याने फारसं काही होत नाही, काच लावल्याने मात्र बराच फरक पडतो. वारा हवा म्हणून पंखा नेमका डोक्यावर घेऊन बसू नका. थोडं बाजूला बसून तो एक घर कमी करा. मुंबईच्या मे महिन्यात हे बोलणं सोपं आणि करणं कठीण, मला कल्पना आहे. तरी जमेल तेवढ्या वेळेपुरतं करा, कारण इथे मिळालेले पाच-सात डेसिबल कोणत्याही हेडफोनबरोबर कामाला येतात.

आता तुमच्या दुखण्याकडे येऊ. तुम्ही तीन तक्रारी एका दमात लिहिल्यात: ठणका, खाज आणि दडे. आणि तिघींचा दोष "इअरफोन" या प्रकाराला दिलात. पण ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि प्रत्येकाचं कारण वेगळं आहे.

ठणका म्हणजे दाब. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. तिचा बाहेरचा तिसरा हिस्सा कूर्चेचा, म्हणजे थोडा लवचीक असतो. आतला भाग हाडाचा असतो आणि त्यावरची कातडी फार पातळ असते. रबराची टिप मोठी असेल तर ती बाहेरच्या भागात वीस मिनिटं चालून जाते, चार तास चालत नाही. दुपारी इअरफोन काढल्यावर बोटाने चाचपून बघा की नेमकं कुठे दुखतंय. भोकाच्या आत दुखत असेल तर टिप मोठी आहे किंवा फार खोल जातेय. भोकाच्या बाहेरच्या वाटीत दुखत असेल तर टिपचा दोष नाही, इअरफोनचा डबाच तुमच्या कानाला मोठा आहे आणि टिप बदलून काही होणार नाही. खोक्यात तीन मापांच्या टिपा येतात आणि बहुतेक लोक मधल्या मापाची लावलेलीच ठेवतात. दोन्ही कानांच्या नळ्या सारख्या मापाच्या नसतात. डावीकडे लहान आणि उजवीकडे मधली लागणारे कितीतरी लोक आहेत. लहान टिप लावून बघा. ती बसली की बाहेरचा आवाज एकदम दबला पाहिजे. दबला नाही तर फट राहिली, मग फोमच्या टिपा घ्या. फोमची टिप बोटांत वळून बारीक करायची, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, टिप आत सरकवून ती फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट ठेवायचं. नुसती खुपसली तर ती वाकडी फुगते आणि पुन्हा ठणका सुरू.

दडे बसल्यासारखं वाटणं हे बऱ्याचदा नळी बंद झाल्याचं लक्षण असतं, मोठ्या आवाजाचं नसतं. आपण बोलतो, चावतो, चालतो तेव्हा हाडांतून येणारा कंप नळीच्या भिंती हलवतो. नळी उघडी असेल तर तो आवाज बाहेर निघून जातो, बंद असेल तर आतच घुमतो. संहिता पुटपुटत ऐकायची सवय असेल तर हे जास्त जाणवेल. इअरफोन काढल्यावर मिनिटाभरात कान मोकळे झाले तर काळजी नको. काढूनही तासभर कान भरलेले राहिले किंवा आत शिट्टीसारखा आवाज येत राहिला, तर दोन शक्यता उरतात: मळ आत साचलाय किंवा आवाज खरंच फार मोठा होता. दोन्हींसाठी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन या.

खाजेकडे मात्र दुर्लक्ष करू नका. मळ आपोआप बाहेरच्या दिशेला सरकतो. सहा तास त्या वाटेवर बूच असेल तर तो सरकत नाही, वर दाबलाही जातो. बंद नळीत घाम आणि दमट हवा साठते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात कानाला बुरशी लागायला एवढं पुरतं. कानाच्या भोकासमोर जो मऊ उंचवटा असतो तो दाबून बघा, पाळी हलकेच ओढून बघा. त्याने दुखलं, कानातून पाणी आलं किंवा काळे-पांढरे कण दिसले, तर डॉक्टरांनी बघेपर्यंत कानात काहीही घालायचं नाही. इअरफोन नाही, कापसाची काडी नाही, कोमट तेलही नाही. हे झाल्याशिवाय नव्या खरेदीचा विचार करू नका. आणि कान बरे असले तरी टिपा आठवड्यातून दोनदा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायच्या. आंघोळीनंतर कान ओले असताना कामाला बसायचं नाही.

म्हणजे रोजच्या सहा तासांसाठी कानात काही न जाणारा आणि रस्ता अडवणारा प्रकार हवा: बंद पाठीचा ओव्हर-इअर. ओव्हर-इअर म्हणजे ज्याच्या कपात आख्खा कान मावतो तो. कानावर नुसते टेकणारे छोटे हेडफोन बघूही नका, ते पाळी दाबतात आणि चष्मेवाल्यांना तर जास्तच.

बंद ओव्हर-इअर दुखवतो तोही ठरावीक जागी. टाळू दुखली तर वजन किंवा वरची पट्टी कारण. २५० ते २७० ग्रॅमपर्यंतचा हेडफोन सहसा दिवसभर चालतो. साडेतीनशेच्या पुढचा दुकानात राजेशाही वाटतो आणि तिसऱ्या तासाला मानेला कळतो. कानाखाली, जबड्याच्या वर दुखलं तर पकड घट्ट आहे. कानाची कड दुखली तर पॅड उथळ आहे आणि कान आतल्या कापडाला टेकतोय. कानशिलात दुखलं तर चष्म्याची काडी पॅडखाली दाबली जातेय.

चष्म्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण दुकानदार ती सांगत नाहीत. काडी पॅडला किंचित उचलते आणि तिथे फट पडते. त्या फटीतून खर्जाचा आवाज बाहेर जातो आणि रस्ता आत येतो, म्हणजे ज्यासाठी बंद हेडफोन घेतला तेच निम्मं होतं. तपासायची रीत अशी: चष्मा घालून हेडफोन लावा, एखादा जाड पुरुषी आवाज लावा आणि दोन्ही कप तळहातांनी हलकेच आत दाबा. आवाज एकदम भरदार झाला तर दाबण्याआधी फट होती. असा फरक ज्यात कमीत कमी पडतो तो हेडफोन तुमचा. मऊ, खोल पॅड काडीला सामावून घेतात. कडक, चकचकीत पॅड घेत नाहीत. जुना, बारीक तारेच्या काडीचा चष्मा असेल तर कामाच्या वेळी तोच वापरा.

पॅडच्या कापडाबद्दल माझं मत ठाम आहे. नकली चामड्याचे पॅड जास्त आवाज अडवतात, पण मुंबईच्या दमट हवेत ते दोनेक वर्षांत सोलतात आणि गालाला काळे तुकडे चिकटतात. आधीही घामाने चिकट होतात ते वेगळंच. मखमली कापडाचे पॅड थोडा कमी आवाज अडवतात, पण सहा तास सोसवतात. दुकानात पहिला प्रश्न किमतीचा नको, "याचे पॅड सुटे मिळतात का?" हा विचारा. नाही म्हणाले तर तो हेडफोन पॅड सोलेपर्यंतच तुमचा. या प्रकाराचा नमुना म्हणून बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो बघा: बंद पाठ, मखमली पॅड, २७० ग्रॅम, पॅड सुटे मिळतात. ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप, ते जास्त असेल तर लॅपटॉपवर आवाज दबका येतो. त्याचा ८० ओहमचा प्रकार लॅपटॉपवर बोलणं ऐकण्यासाठी पुरेसा वाजतो, २५० ओहमचा घेऊ नका. तो बजेटबाहेर गेला तर याच घडणीचा दुसरा कोणताही चालेल. नावापेक्षा घडण बघा.

घाम मात्र कुठल्याही ओव्हर-इअरमध्ये येणारच, ओपन-बॅकमध्येसुद्धा, कारण कानाभोवती पॅडची कड असतेच. ऑडिओबुकला प्रकरणं असतात ही तुमच्या कामातली सोय आहे. प्रकरण संपलं की हेडफोन खुंटीला लावा, कान आणि पॅड पुसा, पाच-दहा मिनिटं उठा. लागोपाठ दोन प्रकरणं ऐकायची नाहीत, मग ती कितीही छोटी असोत.

आता तुमच्या यजमानांचा मुद्दा. नॉइज कॅन्सलिंग हे सलग घरघर मारण्यात पटाईत आहे: पंखा, एसी, सिग्नलला उभी बस. हॉर्न, भाजीवाला, शेजारच्या कुकरची शिट्टी, माणसांचं बोलणं त्यातून बरंचसं आत येतंच. ते अडवायचं काम पॅडचंच. यजमान लोकलने रोज जात असतील तर त्यांच्यासाठी ही खरेदी उत्तम. तुमच्या कामात मात्र एक अडचण आहे. या हेडफोनचा स्वतःचा एक बारीक फुसफुसाट असतो. प्रूफ ऐकताना मागे फुसफुस आली की ती रेकॉर्डिंगची की हेडफोनची, हे दर वेळी थांबून ठरवत बसावं लागेल. शिवाय काहींना तो चालू केल्यावर कानात दाब आल्यासारखं होतं, आणि दड्यांची तक्रार तुम्हाला आधीच आहे. ब्लूटूथचं तर आणखी एक: थांबवायचं बटण दाबल्यावर आवाज क्षणभर उशिरा थांबतो. दिवसभरात शेकडो वेळा थांबून वेळ टिपणाऱ्याला ते छळतं. वायरचा घ्या.

ओपन-बॅकलाही हीच अडचण उलट बाजूने येते. रेकॉर्डिंगमध्ये विजेची गुणगुण राहिली असेल तर ती आपल्याकडे ५० आणि १०० हर्ट्झवर असते, आणि तुमच्या पंख्याची घरघरही त्याच खालच्या पट्ट्यात. जाळीतून पंखा ऐकू येत असताना गुणगुण फाइलमधली की छताची, हे कानाने सांगता येत नाही. दुपारी सासूबाईंचं काय, हे तर वेगळंच. रस्ता जरा शांत झाला की ओपन-बॅकमधून हातभर अंतरावरच्या माणसाला शब्द ऐकू जाऊ शकतात. कादंबरी आवडली तर ठीक, नाहीतर झोपमोड.

खरं तर दिवसा तुमच्या खोलीत शांततेची तपासणी कुठल्याच हेडफोनने होणार नाही. ऑडिबल या ऑडिओबुक कंपनीच्या एसीएक्स नियमांत आवाजाची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल आणि मागची शांतता उणे ६० च्या खाली लागते. म्हणजे निवेदकाचा आवाज आणि मागची फुसफुस यांत साधारण ४० डेसिबलचं अंतर. निवेदक तुमच्या कानात ६५ वर असेल तर फुसफुस २५ वर आली. बंद हेडफोनच्या आत तुमचा रस्ता ४८ वर आहे. २५ वरचं त्यात ऐकू येणं शक्य नाही, आणि ते ऐकू यावं म्हणून आवाज वाढवणं हेच कान थकवणारं मोठं कारण असतं. तेव्हा कामाचे दोन भाग करा. दिवसा बंद हेडफोनने शब्द, उच्चार, गाळलेली वाक्यं, मोठे श्वास, खटके. आणि रात्री किंवा पहाटे, पंखा बंद करून, योग्य मापाच्या टिपा लावलेल्या जुन्या इअरफोनने फक्त वाक्यांमधल्या शांत जागा. वीस मिनिटांत चार-पाच प्रकरणांच्या शांत जागा चाळून होतात, कारण सगळं ऐकायचं नसतं. कान बरे असतील तर एवढ्या वेळात ठणका लागत नाही. ते नको असेल तर ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये शांत जागा निवडून पातळी मोजा. आकडा कानापेक्षा प्रामाणिक असतो.

बंद हेडफोनची एक खरी गैरसोय राहते: बेल आणि हाक ऐकू येत नाही. घरात तुम्ही आणि सासूबाई दोघीच असाल तर त्यांना सांगून ठेवा की हाक न मारता फोन करा, आणि फोन स्क्रीनशेजारी उपडा न ठेवता सुलटा ठेवा. एक कप कानामागे सरकवून काम करायची युक्ती मात्र नको. एका कानाने ऐकताना आवाज हटकून वाढवला जातो.

ज्यांची खोली आतल्या चौकाकडे आहे, जे रात्री दार लावून एकटे बसतात आणि ज्यांच्या चाचणीत दिवसा-रात्रीचा आकडा जवळजवळ सारखा येतो, त्यांनी ओपन-बॅक जरूर घ्यावा. तासन्‌तास शास्त्रीय संगीत ऐकणारे आणि दिवसभर ऑनलाइन बोलणारे यांच्यासाठी त्याहून आरामदायी काही नाही. फक्त ओहम बघून घ्या. सेनहायझर एचडी ६०० सारखा ३०० ओहमचा हेडफोन साध्या लॅपटॉपवर दबका वाजतो, त्याला वेगळा ॲम्प्लिफायर लागतो आणि खर्च तिथे वाढतो.

खरेदीला लॅमिंग्टन रोडला जा किंवा जिथे लावून बघू देतात अशा कुठल्याही दुकानात. चष्मा घालून, स्वतःच्या फोनमध्ये तुमच्याच कामातलं एक प्रकरण घेऊन जा आणि कमीत कमी वीस मिनिटं डोक्यावर ठेवा. पाच मिनिटांत सगळेच आरामदायी वाटतात. पकड घट्ट वाटली आणि वरची पट्टी लोखंडी असेल, तर घरी आल्यावर तुमच्या डोक्यापेक्षा किंचित रुंद पुस्तकांच्या गठ्ठ्यावर रात्रभर लावून ठेवा, सैल होते. प्लास्टिकची पट्टी असेल तर हे करू नका, तुटेल. ऑनलाइन घेणार असाल तर आधी वाचा की उघडलेला खोका परत घेतात का. पहिले तीन दिवस पूर्ण सहा तास तोच लावून काम करा आणि परत करायची मुदत संपायच्या आत काय ते ठरवा.